पायाशी उजेड, फ्यूजपेटीतून

गाडीत पायाशी एलईडीच्या पट्ट्या लावायच्या म्हटल्या की सगळ्यात सोपा रस्ता दुकानाचा. दुकानातला पोरगा डॅशबोर्डखाली डोकं घालतो, हाताला लागेल ती वायर ब्लेडनं सोलतो, तिच्यावर नवी वायर गुंडाळतो, वरून काळी टेप मारतो आणि चहा संपायच्या आत दिवे लागतात. त्या दिवशी काहीच बिघडत नाही. बिघडतं ते मे महिन्यात. परभणीत तेव्हा पारा 42-43 अंशांवर जाणं नवलाचं नाही, आणि काचा लावून उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या आतली हवा त्याहून कितीतरी जास्त तापते. टेपचा डिंक पातळ होतो, टेप सुटते, आणि उघडा जोड डॅशबोर्डखालच्या पत्र्याच्या पट्टीला टेकायची वाट बघत लोंबकळत राहतो. सोललेली वायर कशाची होती, हे तर लावणाऱ्यालाही माहीत नसतं.

दुसरा रस्ता फ्यूज टॅपचा. यात गाडीची एकही वायर कापावी लागत नाही. फ्यूजपेटीतला एक फ्यूज उपसायचा, त्या जागी टॅप बसवायचा. टॅपवर दोन फ्यूजांची जागा असते. खालच्या जागेत, म्हणजे पायांजवळच्या खाचेत, गाडीचा मूळ फ्यूज जातो आणि जुनं काम पूर्वीसारखंच चालू राहतं. वरच्या खाचेत नव्या दिव्यांचा वेगळा फ्यूज बसतो, आणि तिथून निघालेली छोटी वायर दिव्यांना जाते. गाडी विकताना किंवा कंपनीच्या वर्कशॉपात नेताना टॅप उपसला, मूळ फ्यूज जागेवर घातला की गाडी होती तशी.

पण टॅप लावला म्हणजे काम आपोआप सुरक्षित झालं, असं नाही. टॅप कुठल्या खाचेत लावला, कुठल्या तोंडानं लावला आणि वरच्या खाचेत किती अँपिअरचा फ्यूज घातला, यावर सगळं ठरतं. पुढचं सगळं त्याबद्दलच आहे. उदाहरणासाठी एमएच-22 पासिंगची एक साधी पेट्रोल हॅचबॅक घेऊ: 35 अँपिअर-अवरची बॅटरी, चालकाच्या बाजूला डॅशबोर्डखाली फ्यूजपेटी, आणि बाजारात मिळणाऱ्या चार पट्ट्या, प्रत्येकीवर नऊ एलईडी. दोन पट्ट्या पुढे, दोन मागे.

कुठली खाच

फ्यूजपेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला किंवा गाडीच्या पुस्तिकेत नकाशा असतो. तो आधी नीट वाचावा. एअरबॅग, एबीएस, इंजिनचा कॉम्प्युटर, पॉवर स्टीअरिंग, पेट्रोल पंप, इग्निशन, हॉर्न आणि हेडलाइट यांच्या फ्यूजांना हात लावायचा नाही. पायाच्या उजेडासाठी ब्रेकच्या यंत्रणेत जोड कशाला द्यायचा? राहिले त्यांत आपल्या कामाचे तीन-चारच: मोबाइल चार्जरच्या सॉकेटचा, म्युझिक सिस्टीमचा, मागच्या वायपरचा, आणि छतावरच्या दिव्याचा.

यातला छताच्या दिव्याचा फ्यूज सगळ्यांना पहिल्यांदा सुचतो, आणि सगळ्यात जास्त फसगतही तिथंच होते. दार उघडलं की छताचा दिवा लागतो, म्हणजे त्या फ्यूजमधून वीज घेतली की पायाचे दिवेही दार उघडल्यावर लागतील, असा हिशेब असतो. बऱ्याच गाड्यांत तसं होत नाही. त्या फ्यूजला चोवीस तास वीज असते. दाराचा स्विच दिव्याची दुसरी बाजू, म्हणजे अर्थची बाजू, जोडतो आणि तोडतो. तुम्ही फ्यूजमधून प्लस घेतला आणि मायनस सरळ पत्र्याला जोडला, तर दाराच्या स्विचला त्याचा पत्ताही नसतो. दिवे रात्रभर जळतात.

त्याचा हिशेब करून बघा. आपल्या चार पट्ट्या मिळून अर्धा अँपिअर घेतात असं धरू. रात्री आठला गाडी लावली, सकाळी आठला काढली, म्हणजे 6 अँपिअर-अवर गेले. नवी बॅटरी हे सहन करेल. पण शनिवारी संध्याकाळी लावलेली गाडी सोमवारी सकाळी काढली, तर 36 तासांत 18 अँपिअर-अवर, म्हणजे अर्ध्याहून जास्त बॅटरी रिकामी. तीन वर्षं उन्हात तापलेली बॅटरी तेवढ्यावर स्टार्टर फिरवेलच, याची खात्री नाही. सकाळी किल्ली फिरवल्यावर नुसती ‘टक टक’ ऐकू आली की लोक बॅटरीवाल्याला शिव्या घालतात. दोष बॅटरीचा नसतो.

दारासोबत दिवे लावायचेच असतील तर मायनसही दाराच्या स्विचच्या वायरीतून घ्यावा लागतो. नव्या गाड्यांत ती वायर बॉडी कंट्रोल मॉड्यूलकडे जाते, आणि त्या मॉड्यूलची ती बाजू एका छोट्या दिव्यापुरती बेतलेली असते. त्यावर चार पट्ट्या टांगणं म्हणजे महागाच्या पेटीशी जुगार. ते काम मध्ये रिले घालून जाणत्या ऑटो इलेक्ट्रिशियननं करावं. फ्यूज टॅपच्या आवाक्यातलं ते नाही.

म्हणून आपल्या उदाहरणात चार्जरच्या सॉकेटचा फ्यूज घेऊ. बहुतेक गाड्यांत तो 15 अँपिअरचा, निळा असतो. किल्ली ‘एसीसी’वर आली की तिथं वीज येते, किल्ली काढली की जाते. दिवे बंद करायचं विसरलात तरी किल्ली ते काम करते. मात्र हे नकाशावर विसंबून मानू नका, मोजून बघा. काही गाड्यांत किल्ली काढल्यावरही दार उघडेपर्यंत सॉकेटला वीज राहते, काहींत कायमच असते. मल्टीमीटर डीसी 20 व्होल्टवर ठेवा, काळी तार न रंगवलेल्या पत्र्याला किंवा स्वच्छ बोल्टला लावा, लाल तार बसलेल्या फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन बारीक उघड्या ठिपक्यांपैकी एकाला टेकवा. किल्ली एसीसीवर असताना 12 च्या वर आकडा दिसायला हवा. मग किल्ली काढा, दार उघडून लावा, गाडी लॉक करून अर्धा तास जाऊ द्या, आणि पुन्हा मोजा. शून्य आलं तर खाच आपल्या कामाची.

बल्बचा टेस्टर असेल तर तोही चालतो. उलट तो थोडा लोड घेतो म्हणून फसव्या आकड्यांना बळी पडत नाही. पण तो टेस्टर हाती असताना उगाच इकडेतिकडे टोचत बसू नका. पिवळ्या आवरणातल्या किंवा पिवळ्या कनेक्टरच्या वायरी एअरबॅगच्या असतात. तिथं बल्बच्या टेस्टरमधून गेलेला करंट एअरबॅग उडवायला पुरू शकतो.

कुठलं तोंड

टॅप विकत घ्यायला जाताना फ्यूज खिशात घालून न्या. मिनी फ्यूज साधारण 11 मिलिमीटर रुंद असतो, जुना मोठा फ्यूज 19 मिलिमीटर. त्याशिवाय रुंदी मिनीइतकीच पण उंची आणि पाय आखूड असा लो-प्रोफाइल मिनी असतो, आणि अलीकडच्या काही गाड्यांत अरुंद मायक्रो असतो. दुकानदार ‘बसून जाईल’ म्हणेल. जाड पायांचा टॅप जोर लावून बसतोही, पण खाचेतली पितळी पकड कायमची फाकते. पुढे मूळ फ्यूज परत घातला तरी तो ढिला बसतो, ढिल्या जागी उष्णता होते, आणि काही महिन्यांनी खाचेभोवतीचं प्लास्टिक तपकिरी पडून वितळायला लागतं. फ्यूज उपसताना तो लोण्यातून सुरी निघावी तसा निघाला तर पकड सैल झाली आहे, हे ओळखावं.

आता तोंडाचं. टॅपच्या दोन पायांपैकी एक पाय दोन्ही फ्यूजांना सामाईक असतो, दुसरा फक्त खालच्या, मूळ फ्यूजच्या पलीकडे निघतो. फ्यूजपेटीतल्या खाचेलाही दोन बाजू असतात: एकीकडून बॅटरीची वीज येते, दुसरीकडून ती सॉकेटकडे जाते. टॅपचा सामाईक पाय वीज येणाऱ्या बाजूला पडला पाहिजे. तसा पडला की बॅटरीकडून आलेली वीज तिथंच दोन वाटांनी फुटते. एक वाट मूळ फ्यूजमधून सॉकेटकडे, दुसरी नव्या फ्यूजमधून दिव्यांकडे. एकाचा भार दुसऱ्यावर पडत नाही.

उलटा बसवला तर काय होतं? वीज आधी मूळ फ्यूजमधून जाते, मग पुढे सॉकेट आणि दिवे यांत वाटली जाते. दिव्यांचा आपला फ्यूज मध्ये असतोच, त्यामुळे ‘उलटा टॅप लावला म्हणजे आग’ हे खरं नाही. पण मूळ फ्यूजवर दोघांचा भार पडतो. चाकात हवा भरायचा छोटा पंप सॉकेटला लावला तर तो एकटाच दहा-बारा अँपिअर ओढतो. त्यात दिवे आले. एके दिवशी फ्यूज उडतो, आणि मग कुणीतरी 15 च्या जागी 20 चा घालतो. खरा धोका तिथून सुरू होतो, कारण सॉकेटची वायर 15 च्या हिशेबानं दिलेली असते. शिवाय सॉकेटमध्ये नाणं पडून फ्यूज गेला तर पायाचे दिवेही जातात, आणि माणूस बिघाड भलतीकडेच शोधत बसतो.

सरळ तोंड ओळखायला दोन छोट्या चाचण्या पुरतात. पहिली खाचेवर: मूळ फ्यूज काढा, किल्ली एसीसीवर ठेवा, आणि लाल तार खाचेच्या दोन्ही बाजूंना आळीपाळीनं लावा. जिथं 12 च्या वर दिसेल ती येणारी बाजू. तिच्या शेजारी झाकणावर मार्करनं ठिपका करा, नाहीतर टॅप हातात घेईपर्यंत विसरायला होतं. दुसरी टॅपवर, तो हातात असतानाच: फक्त वरच्या खाचेत फ्यूज घाला, खालची रिकामी ठेवा, मल्टीमीटर ‘बीप’वर ठेवून एक तार टॅपच्या वायरीच्या टोकाला आणि दुसरी दोन्ही पायांना लावून बघा. ज्या पायावर बीप वाजेल तो सामाईक पाय. तो ठिपक्याच्या बाजूला गेला पाहिजे. एवढं करायला पाच मिनिटं लागतात, आणि बऱ्याच टॅपांच्या पाकिटावर यातलं काहीही छापलेलं नसतं.

कधीकधी सरळ तोंडानं बसवायला गेलं की टॅपचा फुगीर भाग शेजारच्या रिलेला अडतो किंवा पेटीचं झाकण लागत नाही. अशा वेळी दुसरी योग्य खाच शोधावी. टॅप वाकवून बसवू नये.

किती अँपिअर

पाकिटावर लिहिलेले वॅट फारसे मनावर घेऊ नका. दिवे जमिनीवर पसरून मोजा. मल्टीमीटरची लाल तार 10 अँपिअरच्या भोकात घाला, निवडचक्र डीसी अँपिअरवर आणा, आणि बॅटरीच्या प्लसपासून मीटरमधून पट्ट्यांच्या प्लसपर्यंत वाट करा. पट्ट्यांचा मायनस बॅटरीच्या मायनसला. मोजून झालं की लाल तार लगेच व्होल्टच्या भोकात परत घाला. ती तिथंच राहिली आणि पुढच्या वेळी व्होल्ट मोजायला बॅटरीला लावली, तर मीटरमधूनच शॉर्ट होतो. मीटरचा आतला फ्यूज जातो, आणि स्वस्त मीटर असेल तर मीटरच जातो.

मोजणी दोनदा करायची. एकदा इंजिन बंद असताना, एकदा चालू असताना. आकड्यांत फरक पडतो आणि तो बरंच काही सांगतो. या पट्ट्या ‘12 व्होल्ट’च्या नावानं विकल्या जातात. आत तीन-तीन एलईडी एका रांगेत असतात आणि त्यांच्यासोबत एक छोटा रेझिस्टर. पांढऱ्या एलईडीला सुमारे 3.2 व्होल्ट लागतात, तिघींना 9.6. बॅटरी 12 देत असेल तर रेझिस्टरवर 2.4 व्होल्ट उरतात. इंजिन चालू झालं, अल्टरनेटरनं 14.2 व्होल्ट दिले, की एलईडी आपले 9.6 च्या आसपासच घेतात आणि उरलेले 4.6 रेझिस्टरवर पडतात. म्हणजे व्होल्टेज वाढलं अठरा टक्के, पण करंट जवळपास दुप्पट होतो. प्रत्यक्षात थोडा कमी वाढतो, कारण करंट वाढला की एलईडीही जरा जास्त व्होल्ट खातात. आपल्या उदाहरणात इंजिन बंद असताना अर्धा अँपिअर आणि चालू असताना 0.8 अँपिअर असा आकडा आला, असं धरू. फ्यूज ठरवायचा तो 0.8 वर.

कायम चालणारा भार फ्यूजच्या आकड्याच्या पाऊण पटीपेक्षा जास्त नसावा, हा साधा ठोकताळा. 2 अँपिअरचा फ्यूज 1.5 पर्यंत निश्चिंत चालतो, म्हणजे आपल्याला तोच योग्य. 2 चा फ्यूज राखाडी असतो, 3 चा जांभळा, 5 चा फिकट तपकिरी, 10 चा लाल. छोट्या दुकानात 2 किंवा 3 चा मिनी फ्यूज पटकन मिळत नाही आणि दुकानदार 10 चा पुढे करतो. तो घेऊ नका. फ्यूज असतो वायर वाचवायला. दिवा वाचवायला नाही. पट्टीसोबत येणाऱ्या केसासारख्या बारीक वायरी कुठे अर्धवट चिमटल्या तर पाच-सात अँपिअर वाहत राहतील, वायर तापून तिचं आवरण वितळेल, आणि 10 चा फ्यूज शांत बसलेला असेल. 2 चा मिळालाच नाही तर 3 चा घाला. 5 ही शेवटची मर्यादा, तीही टॅपपासून पुढची वायर किमान अर्ध्या चौरस मिलिमीटरची असेल तर.

करंट वाढल्याचा दुसरा परिणाम उष्णतेचा. गाडी उन्हात तापलेली, वर पट्टी ठरल्यापेक्षा जास्त करंट घेणारी, म्हणून स्वस्त पट्ट्यांतले तीन-तीन एलईडी एकदम मरतात. एकाच रांगेतले तिन्ही विझले असतील तर त्यातली एक एलईडी किंवा तो रेझिस्टर गेला, असं समजावं. यावर उपाय म्हणजे पट्टीच्या आधी छोटा डिमर बसवणं. तो उजेड एक-तृतीयांशावर आणतो, उष्णताही तेवढीच उतरते, आणि रात्री चालवताना तेवढा उजेड भरपूर होतो. एक तोटा आहे: स्वस्त डिमर फार वेगानं चालू-बंद होऊन उजेड कमी करतात, आणि त्याची घरघर रेडिओत शिरते. मध्यम लहरींवर आकाशवाणी परभणी ऐकत असाल तर ती आधी तिथं ऐकू येते. डिमर रेडिओच्या आणि एरियलच्या वायरीपासून लांब ठेवला की बहुतेक वेळा घरघर कमी होते.

जोड आणि अर्थ

टॅपच्या वायरीच्या टोकाला बहुधा निळ्या प्लास्टिकची नळी असते. ती दीड ते अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरीसाठी असते. आपली वायर अर्ध्या चौरस मिलिमीटरची. ती तशीच आत सरकवून पकडीनं दाबली तर वरून घट्ट दिसते, पण ओढली की निघून येते. म्हणून वायर सात-आठ मिलिमीटरऐवजी दुप्पट सोला, तांब्याचे धागे पिळून दुमडा, आणि ती जाड झालेली घडी नळीत सरकवा. क्रिंपिंगच्या चिमट्यानं दाबा. साधी पकड नळीला चपटी करते, धातूला धाग्यांवर आवळत नाही. दाबून झालं की चांगला हिसका द्या. सुटली तर आत्ताच सुटलेली बरी.

हे सगळं टॅप पेटीबाहेर असताना करायचं. टॅप खाचेत घालणं हे सगळ्यात शेवटचं काम. तोपर्यंत नव्या वायरीत वीज नसते. डॅशबोर्डखाली पाना-स्क्रूड्रायव्हर घेऊन बराच वेळ काम असेल तर बॅटरीचा मायनसही काढून ठेवावा. घड्याळ पुन्हा लावावं लागेल, एवढाच त्रास.

मायनससाठी डॅशबोर्डखाली थेट पत्र्यात गेलेला बोल्ट शोधा. बहुतेक वेळा तो 10 नंबरच्या पान्याचा असतो. कंपनीनं स्वतःच्या काळ्या वायरी जिथं बोल्टनं आवळल्या असतील ती जागा सगळ्यात चांगली. स्टीअरिंगच्या दांड्याचे, सीट बेल्टचे आणि एअरबॅगच्या सेन्सरजवळचे बोल्ट वापरू नका. साध्या बोल्टखाली रंग असतो आणि रंगातून वीज जात नाही, म्हणून गोल लग जिथं टेकणार तेवढा रंग सॅंडपेपरनं खरवडून चकचकीत धातू दिसू द्या, बोल्ट आवळा, आणि वरून थोडं ग्रीस लावा म्हणजे पावसाळ्यात गंज धरणार नाही. बीपवर ठेवून लग आणि बॅटरीचा मायनस यांच्यामध्ये मोजलं तर एक ओहमच्या आतच आकडा यायला हवा. चारपैकी दोन पट्ट्या मंद लागत असतील तर पट्ट्या बदलण्याआधी त्यांचा अर्थ तपासा.

वायर कुठून न्यायची

पुढच्या पट्ट्या डॅशबोर्डच्या खालच्या कडेच्या आतल्या बाजूला, तोंड खाली करून लावतात. बसल्यावर पट्टी स्वतः दिसता कामा नये. दिसायला हवा तो गालिच्यावर पडलेला उजेड. पट्टी दिसली की तिचं प्रतिबिंब समोरच्या काचेत पडतं. रात्री पाथरी-मानवतकडून परभणीला येताना रस्त्याकडेला दिव्यांचा पत्ता नसतो, पुढे ऊस भरलेला, मागे दिवा नसलेला ट्रॅक्टर असू शकतो, आणि काचेत निळी रेघ तरंगत असते. पांढऱ्या-निळ्यापेक्षा पिवळसर किंवा मंद लाल उजेड डोळ्यांना कमी त्रास देतो. गाण्याच्या तालावर लुकलुकणारे दिवे चालत्या गाडीत लावूच नयेत. केंद्रीय मोटार वाहन नियमांत पुढे-मागे कुठल्या रंगाचे दिवे दिसावेत यावर जी बंधनं आहेत, त्यांतून गाडीच्या आतल्या दिव्यांना सूट आहे. पण बाहेरून लाल-निळं लुकलुकताना दिसलं तर नाक्यावर गाडी थांबवली जाणारच.

नुसत्या चिकटपट्टीवर भरवसा ठेवू नका. डॅशबोर्डवर चकाकीसाठी जे पॉलिश मारतात त्याच्यावर काहीही चिकटत नाही. जागा आधी स्पिरिटनं पुसा, आणि तरीही प्रत्येक पट्टीला दोन झिप टाय मारा. एप्रिल-मेच्या उन्हात डिंक सुटणारच. चालकाच्या बाजूची पट्टी सुटून तिची वायर क्लचच्या किंवा ब्रेकच्या पेडलभोवती अडकली, तर त्या क्षणी फ्यूज किती अँपिअरचा होता याला काही अर्थ उरत नाही. वायर बांधून झाली की तिन्ही पेडल तळापर्यंत दाबून बघा, स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवा, आणि कुठेही काही लागत नाही याची हातानं चाचपून खात्री करा.

मागच्या पट्ट्यांसाठी वायर दाराच्या उंबऱ्यावरच्या प्लास्टिकच्या पट्टीखालून न्यावी. ती पट्टी क्लिपांवर बसलेली असते, वर ओढली की निघते. मधून, गालिच्याखालून नेण्याचा मोह होतो, पण पुढच्या सीटचे रूळ तिथंच असतात आणि सीट मागे सरकवली की वायर कापली जाते. सीटखाली पिवळा कनेक्टर दिसला तर तो एअरबॅगचा किंवा बेल्टचा, त्याच्यापासून लांब. वायर नालीदार नळीत घालावी. घरामागे कापूस-सोयाबीनची पोती रचलेली असतात तिथं गाडी उभी राहत असेल तर उंदरांसाठीही ती नळी बरी.

लागले नाहीत तर

टॅप घातला, किल्ली फिरवली आणि काहीच झालं नाही, तर घाबरू नका. बहुतेक वेळा प्लस-मायनस उलटे जोडलेले असतात. एलईडी उलट्या जोडल्या तर लागत नाहीत, पण बिघडतही नाहीत. अदलाबदल करून बघा. तेही ठीक असेल तर नवा फ्यूज वरच्या खाचेत नीट खोल बसला आहे का ते पाहा. सॉकेटही बंद असेल तर टॅपच खाचेत पूर्ण बसलेला नाही.

नवा फ्यूज क्षणात उडत असेल तर शॉर्ट सरळ आहे. पट्टीचं कापलेलं टोक पत्र्याला टेकलं असेल. त्या टोकावर तांब्याचे ठिपके उघडे असतात, त्यांवर सिलिकॉन किंवा श्रिंक नळी हवी. आठ-पंधरा दिवस दिवे नीट चालले आणि मग एखादं दार आपटल्यावर फ्यूज गेला, तर उंबऱ्याच्या पट्टीखाली वायर चिमटलेली आहे. जागा सापडेपर्यंत मोठा फ्यूज घालून बघायचं नाही. इंजिन सुरू करताना दिवे क्षणभर विझतात, तो दोष नाही. स्टार्टर फिरताना गाडीच एसीसीची वीज थोडा वेळ तोडते.

दिवे लावल्यानंतर गाडी सकाळी जड सुरू व्हायला लागली असेल तर गळती मोजा. गाडी बंद करून, दारं लावून अर्धा तास थांबा, मग बॅटरीचा मायनस काढून मल्टीमीटर 10 अँपिअरवर मायनसची वायर आणि बॅटरी यांच्यामध्ये घाला. मीटर मध्ये असताना दार उघडू नका, किल्ली तर अजिबात फिरवू नका; स्टार्टरच्या करंटनं मीटर जळेल. 20 ते 50 मिलीअँपिअर म्हणजे ठीक. याहून बरंच जास्त आलं तर टॅप उपसून पुन्हा मोजा. आकडा खाली उतरला तर दोष आपल्या खाचेचा आहे, किंवा रिमोटवाल्या पट्ट्यांच्या रिसीव्हरचा. तो दिवे बंद असतानाही सिग्नलची वाट बघत करंट घेत राहतो.

कंपनीच्या वर्कशॉपात गाडी द्यायच्या आदल्या दिवशी टॅप काढून ठेवावा, वायरीचं टोक टेपनं गुंडाळून पेटीच्या बाजूला बांधावं, आणि सॉकेटचा निळा 15 अँपिअरचा फ्यूज त्याच्या मूळ खाचेत घालावा. सॉकेटला चार्जर लावून तो चालतो का ते बघूनच गाडी द्यावी. येणारी बाजू दाखवणारा मार्करचा ठिपका मात्र पुसू नका, टॅप परत बसवताना तो लागणार आहे.